अंदाजे वापराचं बिल आणि पाच महिन्यांनी आलेला इन्स्टॉलेशन चार्ज: एक प्रकरण

नावं, गाव, कंपनी सगळं काढून टाकलंय. आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवलाय, कारण या प्रकरणात सगळी गंमत क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथे एक ताई अभ्यासिका चालवतात, एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं येऊन बसतात, महिन्याची फी ठरलेली, त्यात खुर्ची, पंखा, पिण्याचं पाणी आणि वायफाय. वायफाय बंद पडलं की पोरं दुसऱ्या दिवशी शेजारच्या अभ्यासिकेत, इतकं सरळ गणित. त्यामुळे ताईंनी फायबर घेतलं होतं, पोस्टपेड प्लॅन, महिना ९९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, त्यात ६०० जीबी आणि त्यापुढे जीबीमागे ५ रुपये. सहा महिने हा प्लॅन सोडायचा नाही या अटीवर इन्स्टॉलेशन फुकट. हे सगळं प्लॅनच्या कागदावर छापलेलं होतं आणि तो कागद ताईंनी लाइट बिलांच्या फाइलमध्ये नीट लावून ठेवला होता, पुढे त्याचा फार उपयोग झाला.

वायर टाकणं, दुरुस्ती, तक्रार हे सगळं कंपनीचा लोकल पार्टनर बघायचा, म्हणजे आपला पूर्वीचा केबलवालाच. परीक्षेच्या आधीचे तीन महिने वापर चांगलाच होता, ७९०, ८४६ आणि ८०६ जीबी. जास्तीचे पैसे ताईंनी कुरकुर न करता भरले, वापर खरोखर झाला होता आणि अॅपमध्ये रोजचा आकडा दिसत होता.

मग परतीचा पाऊस आला. एका रात्री वीज पडली आणि ओएनटी, म्हणजे भिंतीवरचा तो फायबरचा डबा, जळाला. बिलाच्या महिन्याचा तो नववा दिवस. दहाव्या दिवशी संध्याकाळी पार्टनरचा पोरगा आला, नवीन डबा बसवला, नेट चालू केलं, ताईंच्या मोबाइलवर एक ओटीपी आला तो मागून घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी, अभ्यासिका अकरा दिवस बंद.

बिल

पुढचं बिल आलं ४,२११ रुपये ४२ पैसे. नेहमीचं साधं बिल जीएसटी धरून १,१७८.८२ चं असतं. आतमध्ये तीन ओळी होत्या. भाडं ९९९. जादा वापर २१४ जीबी, १,०७० रुपये. आणि इन्स्टॉलेशन चार्ज १,५००. त्यावर जीएसटी ६४२.४२.

वापराच्या ओळीत ८१४ जीबी असं लिहून पुढे एक चांदणी होती आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात त्या चांदणीचा अर्थ, "अंदाजित". एवढंच. कशावरून अंदाज, का अंदाज, काही नाही. मागच्या तीन महिन्यांची बेरीज २,४४२ होते, भागिले तीन, बरोबर ८१४. म्हणजे मीटर वाचायला माणूस आला नाही की लाइटचं सरासरी बिल लावतात तसला प्रकार, फक्त इथे मीटर कंपनीच्याच सर्व्हरवर असतो आणि कुणाच्या दारात जायची गरज नसते. मग रीडिंग मिळालं कसं नाही, हा खरा प्रश्न. तो आम्हाला सुचायला थोडा वेळ लागला, कारण आधी सगळ्यांचं डोकं त्या १,५०० वर फिरलं होतं.

काय काय करता आलं असतं

पहिला पर्याय लोकल पार्टनरचा. तो फोनवर म्हणाला, "ताई, मी बघतो, पुढच्या बिलात अॅडजस्ट होईल." असं बोलणं वाईट नसतं, बऱ्याचदा खरंही ठरतं, पण त्यात तक्रारीचा नंबर मिळत नाही आणि पुढच्या बिलात काही झालं नाही तर तुमच्या हातात फक्त एका फोनची आठवण राहते. शिवाय बिल कंपनीचं, पार्टनरला ते बदलायचा अधिकारच नव्हता.

दुसरा, पैसेच भरायचे नाहीत. ताईंच्या घरच्यांचं हेच मत होतं, "बघू काय करतात ते." काय करतात ते माहीत होतं, लाइन तोडतात, आणि मग अभ्यासिकेतली पोरं जातात. वाद तीन हजारांचा आणि नुकसान महिन्याच्या फीचं.

तिसरा, सगळं भरून टाकायचं आणि मग भांडायचं. लाइन सुरक्षित राहते हे खरं, पण एकदा पैसे गेले की कंपनीला कसलीच घाई नसते, आणि बिल मान्य होतं म्हणूनच भरलं ना असं वर ऐकावं लागतं.

शेवटी ठरलं ते असं, की ज्या रकमेबद्दल वाद नाही, म्हणजे भाडं आणि त्यावरचा जीएसटी, ती १,१७८.८२ मुदतीच्या आत भरायची, अॅपमध्ये "इतर रक्कम" टाकून. उरलेल्या ३,०३२.६० वर लेखी हरकत घ्यायची. ग्राहक आयोग लगेच नको, पण तो रस्ता उघडा आहे हे मनात ठेवायचं. टेलिकॉमच्या बिलाची तक्रार ग्राहक कोर्टात चालत नाही असं अजूनही लोक सांगतात, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते चालतं असं स्पष्ट केलंय, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी पण नाही. ट्रायला थेट लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही, ट्राय नियम करतं, एकेकाची बिलं तपासत नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण. दोन्ही पायऱ्या फुकट आहेत आणि त्या क्रमाने चढलेलं बरं, कारण पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न "डॉकेट नंबर काय" हाच असतो.

पत्र लिहिताना

पहिला ड्राफ्ट ताईंच्या भाच्याने लिहिला. दोन पानं. त्यात लूट, फसवणूक, मानसिक त्रास, पंतप्रधान कार्यालयाला कळवू, सगळं होतं आणि बिलाचा नंबर नव्हता. राग खरा होता पण वाचणाऱ्या क्लार्कला त्यातून कुठला खाना भरायचा तेच कळलं नसतं.

ताईंना अजून एक वाक्य हवं होतं, की पार्टनरला नवीन कनेक्शनमागे कमिशन मिळतं म्हणून त्याने मुद्दाम केलं. असेलही. पण पुरावा काय, तर काही नाही. ते घातलं असतं तर कंपनीने पार्टनरची चौकशी करतो असं सांगून मूळ बिल बाजूला ठेवलं असतं, म्हणून काढलं.

मग वापराचा हिशोब. इथे ताईंचं अॅप कामाला आलं. अॅपमध्ये पहिल्या दहा दिवसांचा वापर नीट दिसत होता, २४७ जीबी, आणि अकराव्या दिवसापासून सगळी शून्यं. सुट्टीचे अकरा दिवस फक्त दोन सीसीटीव्ही कॅमेरे चालू, ते हालचाल दिसली तरच क्लिप पाठवतात, दिवसाला फार तर २ जीबी धरले तरी २२. राहिले नऊ दिवस. त्यांना कंपनीचीच सरासरी लावली, ८१४ भागिले ३०, दिवसाला २७ च्या आसपास, तर २४४ होतात. बेरीज ५१३. म्हणजे कंपनीच्या बाजूने झुकतं माप घेऊनही आकडा ६०० च्या आतच राहतो. हा हिशोब पत्रातला सगळ्यात वजनदार भाग ठरला, कारण "आम्ही एवढं वापरलं नाही" असं नुसतं म्हणण्याला उत्तर "सिस्टिममध्ये तसं दिसतंय" एवढंच असतं, इथे त्यांनाच बेरीज चुकीची आहे हे दाखवावं लागणार होतं.

हे चालू असताना भाच्याने एक भारी गोष्ट पकडली. राउटरच्या सेटिंगमध्ये इंटरनेटच्या पानावर लॉगिनचं युजरनेम दिसतं, त्याचे शेवटचे चार अंक ४४७१ होते. बिलावरच्या ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार ३०९८. जून महिन्याचा, नेट बसवलं तेव्हाचा सेटिंगचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता, त्यात ३०९८ च होतं. मग त्या ओटीपीचा मेसेज शोधला. मेसेज सापडला, त्यात स्वच्छ लिहिलं होतं, "नवीन इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याची खात्री करण्यासाठी" हा ओटीपी द्या. तारीख तीच, दहावा दिवस.

तिथे चित्र पालटलं. आतापर्यंत आम्ही दोन वेगळ्या तक्रारी समजत होतो, पण ती एकच होती. पार्टनरच्या पोराने डबा बदलला, पण कामाचा प्रकार "दुरुस्ती" न निवडता "नवीन इन्स्टॉलेशन" निवडला. सिस्टिमने त्यावर १,५०० लावले आणि एक नवीन आयडी पण काढून दिला, नेट त्या नव्या आयडीवर चालू झालं. फायबरच्या लाइनवर वापर मोजला जातो तो लॉगिनच्या नावाने. तुम्ही जोडले गेलात की एक नोंद, मधे मधे ठरावीक वेळाने किती अपलोड किती डाउनलोड त्याची नोंद, तुटलात की शेवटची नोंद. आता लॉगिनच बदललं, तर सगळा वापर ४४७१ च्या खात्यात जाणार आणि जुन्या ३०९८ वर शून्य दिसणार. बिलिंगला वाटलं रीडिंगच आलं नाही, त्याने सरासरी मारली.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. हा सगळा उलगडा पत्रात छातीठोकपणे मांडायचा का? आम्ही नाही मांडला. सर्व्हर आम्ही बघितला नव्हता. म्हणून जे डोळ्यांना दिसतं तेवढं लिहिलं, दोन क्रमांक वेगळे दिसतात, मेसेजमध्ये नवीन इन्स्टॉलेशन लिहिलंय, आणि तपासणी करायला सांगितलं. आमचा अंदाज एखाद्या बारकाव्यात चुकला असता तर त्या एका बारकाव्यावरून पूर्ण पत्र फेटाळलं गेलं असतं.

गेलेलं पत्र असं होतं, क्रमांक आणि तारखा गाळून:

> विषय: बिल क्र. ... मधील ३,०३२.६० रुपयांच्या रकमेस हरकत
>
> महोदय,
> वरील बिलातील भाडे व त्यावरील जीएसटी मिळून १,१७८.८२ रुपये मी आज भरले आहेत, पावती सोबत आहे. पुढील दोन आकारण्या मला मान्य नाहीत.
>
> १. जादा वापर २१४ जीबी. बिलात हा वापर "अंदाजित" आहे. माझ्या प्लॅनच्या कागदात अंदाजे आकारणीची अट नाही. पहिल्या दहा दिवसांची आपल्या अॅपमधील नोंद २४७ जीबी आहे, पुढील अकरा दिवस जागा बंद होती, फक्त दोन सीसीटीव्ही कॅमेरे चालू होते, त्यांचे फार तर २२ जीबी. उरलेल्या नऊ दिवसांना आपलीच सरासरी लावली तरी एकूण वापर सुमारे ५१३ जीबी होतो. कृपया या बिलाच्या काळातील प्रत्येक सेशनची सुरुवात, शेवट, अपलोड व डाउनलोड दाखवणारा तपशील द्यावा.
>
> २. इन्स्टॉलेशन चार्ज १,५०० रुपये. कनेक्शन जूनमध्ये झाले असून ते विनाशुल्क होते. या महिन्यात फक्त जळालेला ओएनटी बदलला. त्या दिवशी आलेल्या मेसेजमध्ये मात्र "नवीन इन्स्टॉलेशन" असा उल्लेख आहे, आणि राउटरमधील लॉगिन क्रमांक बिलावरील ग्राहक क्रमांकाशी जुळत नाही. दोन्हीचे फोटो जोडले आहेत. याची तपासणी व्हावी.
>
> निर्णय होईपर्यंत हरकतीच्या रकमेवर विलंब शुल्क लावू नये व सेवा खंडित करू नये. निर्णय लेखी व कारणांसह कळवावा.

एक पान. सोबत पाच कागद, बिल, प्लॅनचा कागद, पावती, अॅपचे स्क्रीनशॉट आणि ते दोन फोटो. आधी टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घेतला, मग तो नंबर विषयात टाकून पत्र ईमेलने पाठवलं.

कंपनीचं पहिलं उत्तर

आठवड्याच्या आत आलं. इन्स्टॉलेशन चार्ज "तपासणीअंती" रद्द, जीएसटीसह १,७७० रुपये परत जमा. वापराबद्दल मात्र एकच ओळ, रीडिंग उपलब्ध नसेल तर मागील तीन महिन्यांची सरासरी घेण्याचं कंपनीचं धोरण आहे, बिल योग्य आहे. आणि डॉकेट बंद. सेशनचा तपशील दिला नाही, लॉगिनच्या क्रमांकाबद्दल अवाक्षर नाही.

अर्धं मिळालं की माणूस सैल पडतो. राहिले होते १,२६२.६०, ताई म्हणाल्या सोडून देऊ. खरं सांगायचं तर पैशांसाठी मीही आग्रह धरला नसता. पण इन्स्टॉलेशन रद्द झालं म्हणजे नवीन कनेक्शन झालंच नाही हे कंपनीनेच मान्य केलं, तरीही राउटर नव्या आयडीवरच चालू होता. म्हणजे पुढच्या महिन्यातही ३०९८ वर शून्य दिसणार आणि पुन्हा सरासरी लागणार, दर महिन्याला. हे समजावल्यावर ताई तयार झाल्या.

अपील

अपील प्राधिकरणाचा ईमेल कंपनीच्या साइटवर असतो, शोधावा लागतो पण असतो. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असं नियम सांगतो. अपिलात नवीन भांडण काढलं नाही. जुनं पत्र, जुनं उत्तर, आणि तीन वाक्यं: अंदाजाचं धोरण प्लॅनच्या कागदात कुठे आहे ते दाखवा, सेशनचा तपशील मागूनही दिला नाही, आणि ४४७१ या लॉगिनवरचा वापर तपासला का ते सांगा.

मधल्या काळात पुढचं बिल आलं आणि त्यात १०० रुपये विलंब शुल्क होतं, अधिक जीएसटी. अपेक्षितच होतं, सॉफ्टवेअरला हरकत वगैरे कळत नाही, त्याला फक्त रक्कम कमी आली एवढं कळतं. त्या बिलातही वापर अंदाजितच होता. दोन्ही गोष्टी त्याच अपिलाच्या मेलमध्ये जोडल्या, नवीन तक्रार केली नाही, नाहीतर दोन डॉकेट दोन टेबलांवर फिरत बसले असते.

निकाल

मुदतीच्या आत उत्तर आलं आणि या वेळी सोबत तक्ता होता. नव्या आयडीवर वीस दिवसांत २३१ जीबी. म्हणजे पूर्ण महिन्याचा खरा वापर ४७८, आमच्या ५१३ पेक्षाही कमी. जादा वापराची आकारणी पूर्ण रद्द, विलंब शुल्क रद्द, दुसऱ्या बिलातला अंदाज काढून खरा आकडा. राउटरमध्ये पुन्हा जुना लॉगिन टाकायला पार्टनरचाच पोरगा आला, या वेळी ओटीपीचा मेसेज ताईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि मगच दिला.

ते ८१४ खात्याच्या इतिहासात तसंच राहिलं असतं तर पुढे कधी रीडिंग हुकलं की सरासरीत तेच खोटं ८१४ आलं असतं, म्हणून तेही बदलून मागितलं. आधी "गरज नाही" असं उत्तर आलं, मग पुन्हा लिहिल्यावर आकडा दुरुस्त झाला. सरासरीचं धोरण मात्र कंपनीने मागे घेतलं नाही, प्लॅनच्या कागदात ते कुठे आहे याचं उत्तरही शेवटपर्यंत दिलं नाही. त्यासाठी जिल्हा आयोगात जायचं का यावर बोलणं झालं, ताईंचे पैसे परत आले होते, त्या नको म्हणाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

लॉगिनचा क्रमांक जुळत नाही ही गोष्ट पहिल्या पत्रात दुसऱ्या मुद्द्याच्या पोटात गेली. तक्रार केंद्रातल्या माणसाने मुद्दा दोन वाचला, १,५०० उडवले आणि त्याच्यापुरतं काम संपलं. क्रमांकाचा मुद्दा जादा वापराच्या खाली लिहिला असता, "वापर दुसऱ्या लॉगिनवर नोंदला गेला असू शकतो, तो तपासावा" असा, तर कदाचित अपिलापर्यंत जावंच लागलं नसतं. पत्रातला मुद्दा कुठल्या आकारणीखाली बसवला यावर तो कुणाच्या टेबलावर जातो ते ठरतं.

डबा बदलला त्याच दिवशी कामाच्या पावतीचा फोटो घेतला असता तरी बरंच वाचलं असतं. जळालेला डबा बदलणं म्हणजे दुरुस्ती, मेसेजमध्ये दुसरं काही लिहिलं असेल तर ओटीपी द्यायच्या आधीच पोराला थांबवायचं, त्याला कामाचा प्रकार बदलायला दोन मिनिटं लागतात. आणि अॅपमध्ये वापर शून्य दिसायला लागला की खूश व्हायचं नाही, चालू नेटवर शून्य दिसतंय याचा अर्थ मोजणी दुसरीकडे कुठेतरी चालू असू शकते.

एक शेपूट राहिलं होतं. लॉगिन जुना झाला तरी ४४७१ चा आयडी कुणी बंद केला नव्हता, आणि पुढच्या महिन्यात त्या आयडीचं १,१७८.८२ चं वेगळं बिल ताईंच्या मोबाइलवर आलं. त्याला नवीन पत्र लिहिलं नाही, अपिलाचा निकाल जोडून एका ओळीचा मेल टाकला, की हा आयडी आपल्याच चुकीने तयार झालाय, तो बंद करून शून्य बाकीचं पत्र द्यावं. ते पत्र आता त्याच लाइट बिलांच्या फाइलमध्ये आहे.